भाडेही नव्हे, दंडही नव्हे

विनातिकीट प्रवाशाकडून रेल्वे किंवा मेट्रो जी रक्कम वसूल करते, तिला आपण बोलताना सरसकट ‘दंड’ म्हणतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये या विषयाची दोन कलमे एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांच्यातला फरक मुळातून समजून घेण्यासारखा आहे. कलम १३७ फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासाचे आहे. तिथे हेतू सिद्ध व्हावा लागतो, न्यायदंडाधिकारी लागतो आणि शिक्षा म्हणून तुरुंगवास किंवा द्रव्यदंड होतो. कलम १३८ मध्ये हेतूचा प्रश्नच नाही. तिकीट दाखवता आले नाही, की अंतराचे भाडे आणि त्यावर ‘जादा आकार’ द्यायचा. हा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा. २५० रुपयांचा हा आकडा २००४ पासूनचा आहे. उपनगरी गाडीचे किमान भाडे आजही ५ रुपये आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकाराचे वजन कळते.

मेट्रोसाठी वेगळा कायदा आहे. दिल्लीसाठी २००२ मध्ये झालेला आणि २००९ च्या दुरुस्तीने इतर शहरांनाही लागू झालेला मेट्रो रेल्वे (परिचालन व देखभाल) अधिनियम. त्याच्या कलम ६९ मध्ये हीच कल्पना आहे, फक्त जादा आकार ५० रुपये ठरवला गेला. व्यवहारात प्रवाशाकडून ५० रुपये अधिक त्या जाळ्यातले कमाल भाडे घेतले जाते. दिल्ली मेट्रोने आपल्या नियमावलीत तसे स्पष्ट जाहीर केले होते आणि इतरत्रही पद्धत फारशी निराळी नाही.

जादा आकार ही शिक्षा नाही, म्हणून तो लावण्याआधी कोणाचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज कायद्याला वाटत नाही. तो भाडेही नाही, म्हणून भाडे परत करण्याचे जे नियम आहेत त्यांत तो बसत नाही. वसुली जागेवर होते आणि निर्णय वसुलीतच सामावलेला असतो. ती चुकीची झाली असेल तर काय, या प्रश्नाला दोन्ही कायद्यांत सरळ उत्तर नाही. हे मला गेल्या हिवाळ्यात शंभर रुपयांसाठी केलेल्या एका पत्रव्यवहारातून समजले. मेट्रोचे आणि स्थानकांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तेथील कर्मचारी इतर कुठल्याही मेट्रोतल्या कर्मचाऱ्यांपेक्षा वाईट नव्हते. त्यांना जे करायला शिकवले होते, ते त्यांनी केले.

घटना साधी होती. सायंकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी मी एका स्थानकात (त्याला ‘अ’ म्हणू) स्मार्ट कार्ड टेकवून आत शिरलो. गर्दीची वेळ होती आणि गेटची झडप पुढच्या प्रवाशासाठी उघडलेलीच होती. माझे कार्ड टेकवल्यावर आवाज झाला, झडप उघडीच राहिली आणि मी पुढे गेलो. ७ वाजून १९ मिनिटांनी ‘ब’ स्थानकात बाहेर पडताना गेटने कार्ड नाकारले. ग्राहक सेवा खिडकीवरच्या यंत्राने ते वाचले, तेव्हा त्यात आजच्या प्रवेशाची नोंदच नव्हती. कार्डात शिल्लक होती, आदल्या सगळ्या प्रवासांच्या नोंदी होत्या, फक्त ही एक नव्हती. प्रवेशाची नोंद नाही म्हणजे विनातिकीट. ‘अ’ ते ‘ब’ भाडे ३० रुपये होते. माझ्याकडून कमाल भाड्याचे ८० आणि जादा आकाराचे ५०, असे १३० रुपये घेतले गेले. मी ते यूपीआयने भरले.

असे का होते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मेट्रोचे स्मार्ट कार्ड ही नुसती ओळखचिठ्ठी नसते. शिल्लक रक्कम, शेवटचे काही व्यवहार आणि ‘हा प्रवासी सध्या आत आहे की बाहेर’ ही खूण त्या चिपमध्येच लिहिलेली असते. प्रवेशाच्या वेळी गेट ती वाचते, नवे स्थानक आणि वेळ लिहिते आणि लिहिले गेल्याची खात्री करून घेते. हे सारे क्षणार्धात घडते, पण त्या क्षणाच्या मध्येच कार्ड यंत्राच्या टप्प्याबाहेर गेले, तर वाचन होते आणि लेखन अर्धवट राहते. अशा वेळी गेटने बंद राहावे आणि पुन्हा कार्ड टेकवायला सांगावे, अशी रचना असते. झडप आधीच उघडी असेल तर मात्र ती बंद राहू शकत नाही. प्रवासी आत जातो, कार्ड मात्र आपण अजून बाहेरच आहोत असे धरून चालते. गर्दीच्या वेळी एकामागोमाग एक प्रवासी शिरत असतात, त्यामुळे हा प्रकार अपवादात्मक म्हणावा इतका दुर्मीळ नाही.

येथे एक गोष्ट निर्णायक ठरते. गेटही आपली वेगळी नोंद ठेवते. पूर्ण झालेले आणि अर्धवट राहिलेले व्यवहार स्थानकाच्या संगणकाकडे आणि तेथून मध्यवर्ती यंत्रणेकडे जातात. म्हणजे कार्डाला आठवत नसलेली गोष्ट गेटला आठवत असू शकते. पण निर्गमन स्थानकाच्या खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्यापुढे फक्त कार्डाची साक्ष असते. प्रवेश स्थानकाच्या गेटची साक्ष काढण्याची सोय त्याच्या यंत्रावर नसते आणि ती मागवण्याची मुभाही त्याला नसते. त्यामुळे तो अप्रामाणिक नसतो, तरी अर्ध्याच पुराव्यावर निर्णय देतो.

दुसऱ्या दिवशी मी परताव्याचा अर्ज केला. अशा अर्जात संताप अधिक आणि तपशील कमी असला, की तो कुठे जातो हे मी प्रशासनाविषयी लिहिण्याच्या निमित्ताने बरेच पाहिले आहे. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्यावर कोणताही लेखापाल पैसे परत करू शकत नाही. त्याला एक व्यवहार शोधता आला पाहिजे आणि तो उलटवण्याचे कारण फाइलवर नोंदवता आले पाहिजे. म्हणून मी पत्र कोरडे ठेवले. मूळ इंग्रजी पत्राचा आशय असा:

‘विषय: चुकीने वसूल झालेल्या जादा आकाराचा परतावा, रक्कम १०० रुपये. कार्डाचे शेवटचे चार अंक, प्रवेश स्थानक, अंदाजे वेळ ६.४१, डावीकडून तिसरे गेट. निर्गमन स्थानक, वेळ ७.१९. खिडकीवरील पावतीचा क्रमांक आणि तीवरील कर्मचारी क्रमांक. भरणा यूपीआयने, व्यवहार क्रमांक सोबत. एकूण वसुली १३० रुपये. देय भाडे ३० रुपये मला मान्य आहे, त्याच्या परताव्याची मागणी नाही.

‘माझ्या कार्डात प्रवेशाची नोंद नाही, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की प्रवेश स्थानकाच्या गेटवर ६.३८ ते ६.४४ या वेळेतील पूर्ण व अपूर्ण व्यवहारांची नोंद तपासावी. तसेच त्या सहा मिनिटांचे गेटवरील कॅमेऱ्याचे चित्रण या अर्जाचा निकाल लागेपर्यंत पुसले जाऊ नये.’

या पत्रातल्या तीन गोष्टींविषयी थोडे अधिक लिहितो. पहिली, मान्य असलेले भाडे वजा करून मागणी करणे. १३० मागितले असते तर अर्ज ‘फुकट प्रवासाची मागणी’ म्हणून फेटाळणे सोपे गेले असते. शिवाय ३० रुपयांचे भाडे कबूल करणे म्हणजे कुठून कुठे प्रवास केला याचे निश्चित विधान करणे. संशय प्रवासाच्या आरंभाविषयी असतो, म्हणून आरंभाचे विधान वेळेसकट आणि गेटसकट करणे आवश्यक होते.

दुसरी, भरण्याचा मार्ग. हा तपशील किरकोळ वाटतो, पण परतावे सर्वाधिक अडकतात ते इथेच. रोख दिलेली रक्कम त्या पाळीच्या हिशेबात जमा होते आणि पाळी बंद झाल्यावर खिडकीवरचा कर्मचारी ती उघडू शकत नाही. पुढे सारे लेखा विभागाकडून होते. कार्डातून कापलेली रक्कम परत करायची तर बहुधा तेच कार्ड पुन्हा खिडकीवर न्यावे लागते, कारण शिल्लक चिपमध्ये असते. कार्ड बँकेने दिलेले राष्ट्रीय मोबिलिटी कार्ड असेल, तर मेट्रो, मेट्रोची बँक आणि कार्ड देणारी बँक असे तीन पक्ष होतात. प्रत्येकजण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवू शकतो. यूपीआयचा व्यवहार क्रमांक असला की निदान पैसे कुठून आले आणि कुठे गेले, यावर वाद राहत नाही. ज्यांच्याजवळ टोकन असते त्यांची स्थिती सर्वांत अवघड. बाहेर पडताना गेट टोकन गिळून टाकते आणि वाद झाला तर खिडकीवर ते जमा करून घेतले जाते. प्रवाशाच्या हाती त्याच्या प्रवासाचा कोणताच पुरावा उरत नाही. टोकन देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, असा सल्ला मी आता सगळ्यांना देतो, आणि तो देताना तो किती हास्यास्पद आहे हेही जाणवते.

तिसरी गोष्ट चित्रणाची. गेटवरचे चित्रण मर्यादित दिवसच टिकते, नंतर त्यावर नवे चित्रण होते. अर्जाचा निर्णय त्याहून उशिरा येतो. म्हणून चित्रण मागण्याआधी ते राखून ठेवण्याची मागणी करावी लागते, आणि तीही पहिल्याच पत्रात.

उत्तर एकोणिसाव्या दिवशी आले. ते तीन ओळींचे होते. कार्डात वैध प्रवेश आढळला नाही, आकारणी नियमानुसार आहे, परतावा देय नाही. मी ज्या गोष्टीची तपासणी मागितली होती तिचा उल्लेखही नव्हता. कार्डात नोंद नाही, हे तर मीच लिहिले होते. ज्या पुराव्याविषयी वाद नाही त्याची पुनरुक्ती करायची आणि ज्या पुराव्यावर सगळे अवलंबून आहे तो उघडायचाच नाही, हा आपल्या तक्रार निवारणाचा जुना प्रघात आहे. अधिकाऱ्याला दोषी ठरवणेही कठीण, कारण जादा आकाराचा निर्णय फिरवण्याचे निकषच कुठे लिहिलेले नाहीत. निकष नसताना ‘नाही’ म्हणणे सुरक्षित असते. ‘हो’ म्हणायचे तर लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागते.

मग मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. शुल्क १० रुपये. त्यात मी परतावा मागितला नाही, मतही विचारले नाही. माझ्या कार्ड क्रमांकाशी संबंधित, त्या तारखेच्या, ‘अ’ स्थानकावरील सर्व गेटांच्या पूर्ण व अपूर्ण व्यवहारांच्या नोंदींची प्रत मागितली, आणि चित्रण राखून ठेवण्याच्या विनंतीवर झालेली कार्यवाही विचारली. कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आले. चित्रण साठवणुकीची मुदत संपल्याने उपलब्ध नव्हते. नोंद मात्र उपलब्ध होती. ६ वाजून ४१ मिनिटे ८ सेकंदांनी तिसऱ्या गेटवर माझ्या कार्डाचा एक अपूर्ण व्यवहार झाल्याचे मेट्रोच्याच यंत्रणेने लिहून ठेवले होते.

ही प्रत जोडून मी दुसरे पत्र पाठवले. पहिल्या अर्जापासून एकाहत्तराव्या दिवशी माझ्या खात्यात १०० रुपये जमा झाले. सोबत एक ओळ होती: ‘सद्भावनेपोटी.’ म्हणजे चूक मान्य नाही, फक्त उदारता दाखवली. या शब्दाचा परिणाम व्यावहारिक आहे. चूक मान्य झाली असती तर तिसऱ्या गेटची तपासणी झाली असती आणि त्याच दिवशी त्याच गेटवर अपूर्ण व्यवहार झालेल्या इतर कार्डांचा शोध घेता आला असता. सद्भावनेला असा शोध घेण्याचे बंधन नसते.

माझ्याजवळ वेळ होता, इंग्रजीत पत्र लिहिण्याची सवय होती आणि माहितीचा अधिकार कसा वापरायचा याची कल्पना होती. त्याच खिडकीवर माझ्यामागे उभ्या असलेल्या, बांधकामावरून परतणाऱ्या एखाद्या कामगाराला १३० रुपये म्हणजे दिवसाच्या मजुरीचा जाणवण्याइतका भाग. त्याच्यासाठी एकाहत्तर दिवसांचा हा मार्ग असून नसल्यासारखा आहे. तो पैसे भरेल आणि पुढच्या वेळी मेट्रोऐवजी बसने जाईल. आपल्या शहरांतली प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा कमी का राहते, याची कारणे शोधणारे अहवाल भाडे आणि अखेरच्या टप्प्यातील जोडणी यांविषयी पुष्कळ लिहितात. खिडकीवरच्या या अनुभवाची नोंद त्यांत होत नाही.

वाचक विचारतील, की परतावा नाकारला गेला असता तर पुढे काय? मेट्रोच्या कायद्यात दावा आयुक्ताची तरतूद आहे, पण ती अपघातातील मृत्यू आणि इजा यांच्या भरपाईसाठी. उपनगरी रेल्वेच्या प्रवाशाला १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेले रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि ‘भाडे किंवा त्याचा भाग परत मिळण्याचे’ दावे त्याच्या कक्षेत येतात. पण जादा आकार हे भाडे आहे का? त्याचे नावच तो भाड्याहून वेगळा असल्याचे सांगते. उरतो ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कागदावर हा सर्वांत मोकळा मार्ग. पण रेल्वेविरुद्ध तिथे गेले की पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचाच येतो.

मथुरेतील एका वकिलाची कहाणी २०२२ मध्ये देशभर गाजली. १९९९ मध्ये खिडकीवर ३५ रुपयांच्या दोन तिकिटांचे ७० ऐवजी ९० रुपये घेतले गेले. ते २० रुपये परत मिळवायला त्यांना बावीस वर्षे आणि शंभराहून अधिक तारखा लागल्या. रेल्वेचे म्हणणे होते, की हे प्रकरण ग्राहक मंचाचे नव्हेच. अखेर २० रुपये बारा टक्के व्याजाने आणि वर १५ हजार रुपये देण्याचा आदेश झाला. वृत्तपत्रांनी ती चिकाटीची कथा म्हणून छापली. मला तीत अधिक दिसते ते हे, की किरकोळ रकमेच्या वादाचे ठिकाण कोणते, एवढे ठरवण्याचीही आपल्याकडे सोय नाही.

भाडेचुकवेगिरी ही खरी समस्या आहे, हा प्रशासनाचा आक्षेप मी हलका मानत नाही. झडपेवरून उडी मारणारे, दुसऱ्याच्या पाठीला चिकटून शिरणारे रोज असतात. प्रत्येकाला ‘गेट बिघडले होते’ म्हणण्याची संधी दिली तर जादा आकाराचा धाक संपेल, अशी भीती रास्त आहे. पण तीच नोंद येथे दोन्ही कामे करते. दुसऱ्याला चिकटून शिरलेल्याच्या कार्डाचा अपूर्ण व्यवहार कोणत्याही गेटवर नसतो, कारण त्याने कार्ड टेकवलेलेच नसते. ज्याने टेकवले त्याचा असतो. खोटे बोलणारा आणि खरे बोलणारा यांना वेगळे करणारा पुरावा यंत्रणेकडे आपोआप जमा होतो, मात्र तो वाचला जात नाही. या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. गेट पूर्ण बंद पडले असेल, किंवा गर्दीत कर्मचाऱ्यांनी बाजूचे मोठे दार उघडून प्रवाशांना आत सोडले असेल, तर नोंद मुळात निर्माणच होत नाही. अशा वेळी त्या स्थानकावरील बिघाडाची नोंदवही हाच पुरावा, आणि दार किती वाजता उघडले हे तिथे लिहिण्याची शिस्त हाच उपाय.

दुसरा आक्षेप खर्चाचा. शंभर रुपयांचा अर्ज तपासायला शंभराहून अधिक खर्च होतो, हे खरे आहे. म्हणूनच तो माणसाने तपासू नये. लंडनमध्ये कार्ड एका टोकाला टेकवायचे राहिले तर कमाल भाडे कापले जाते, पण प्रवाशाच्या नेहमीच्या प्रवासांवरून अंदाज बांधता आला तर यंत्रणा अनेकदा स्वतःहून फरक परत करते. ते न झाल्यास आठ आठवड्यांपर्यंत संकेतस्थळावर मागणी करता येते. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेवर तर दंडभाड्यासाठी २०१८ चे स्वतंत्र विनियम आहेत. एकवीस दिवसांत पहिले अपील, नंतर दुसरे आणि शेवटी एका स्वतंत्र मंडळापुढे तिसरे. तिथले दंडभाडे आपल्यापेक्षा कितीतरी जड आहे, २०२३ पासून भाड्याव्यतिरिक्त १०० पौंड, आणि बहुधा म्हणूनच अपिलाची शिडीही मजबूत आहे. आपण दंड हलका ठेवला आणि त्याच्या मोबदल्यात अपील ठेवलेच नाही. या देवाणघेवाणीत प्रवाशाला कोणी विचारले होते, असे वाटत नाही.

मेट्रोचे भाडे कोण ठरवते, हेही येथे आठवण्याजोगे आहे. २००२ च्या कायद्याने त्यासाठी भाडे निर्धारण समिती नेमली जाते आणि तिचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशाकडे असते. ३० रुपये वाजवी आहेत की नाहीत, यावर न्यायाधीश विचार करतात. त्या ३० चे १३० कधी व्हावेत, हे मात्र खिडकीवरचे यंत्र ठरवते.

बदल करायला संसदेपर्यंत जाण्याची गरज नाही. कायद्याने मेट्रो प्रशासनांना विनियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. पावतीपासून सुरुवात व्हावी. मला मिळालेल्या पावतीवर रक्कम, स्थानक, वेळ, ‘विनातिकीट’ हा शब्द आणि कर्मचारी क्रमांक होता. कलम नव्हते, कार्डाचे अंक नव्हते आणि हरकत कुठे, किती दिवसांत घ्यायची याविषयी एक अक्षर नव्हते. एवढे तीन तपशील छापले तर वरचे पत्र लिहिण्यासाठी स्तंभलेखक असावे लागणार नाही. त्यानंतर रात्री मध्यवर्ती यंत्रणेत दिवसभराच्या वसुल्या आणि दिवसभराचे अपूर्ण व्यवहार समोरासमोर ठेवून पाहावेत. ज्या कार्डावर दोन्ही एकाच प्रवासाचे सापडतील, त्याचा फरक अर्जाशिवाय परत करावा. हे दोन याद्या जुळवण्याचे काम आहे आणि या यंत्रणा रोज त्याहून गुंतागुंतीचा हिशेब करतात. उरलेल्या मोजक्या वादांसाठी वसुली करणाऱ्या विभागाबाहेरचा एक अधिकारी आणि एकवीस दिवसांची मुदत पुरेशी आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये आपल्या तक्रार निवारण संकेतस्थळासाठी एकवीस दिवसांचीच मुदत ठरवली. ती मेट्रोला जड जावी असे काही नाही.

उपनगरी रेल्वेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे बहुतेक ठिकाणी गेट नाहीत, त्यामुळे गेटची साक्षही नाही. मोबाइलवर काढलेले तिकीट मात्र रेल्वेच्याच संगणकात वेळेसकट असते. फोन बंद पडल्यामुळे ज्याला २५० रुपये भरावे लागले, त्याचे तिकीट गाडी सुटण्याआधी काढलेले होते की तपासनीस दिसल्यावर, हे मागाहून सेकंदापर्यंत सांगता येते. कलम १३८ मध्ये तिकीट ‘दाखवणे’ हा शब्द आहे. तो पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या काळातला आहे आणि त्या काळात तिकीट दाखवणे व तिकीट असणे यांत फरक करण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

माहितीच्या अधिकारात मी आणखी एक अर्ज दिला आहे. ‘अ’ स्थानकाच्या तिसऱ्या गेटवर त्या महिन्यात किती अपूर्ण व्यवहार झाले आणि त्यांतल्या किती कार्डधारकांकडून त्याच दिवशी दुसऱ्या स्थानकावर जादा आकार घेतला गेला, एवढेच विचारले आहे. ‘अशी माहिती एकत्रित स्वरूपात ठेवली जात नाही’ असे उत्तर आले आहे आणि त्याविरुद्धचे पहिले अपील प्रलंबित आहे.